गटात न बसणारे पद ओळखताना : तीन पदांना जोडणारा नियम कसा शोधावा

शिष्यवृत्ती परीक्षेपासून पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेपर्यंत, बुद्धिमत्ता चाचणीच्या विभागात एक प्रश्नप्रकार हमखास भेटतो. चार संख्या, चार अक्षरे किंवा चार शब्द दिलेले असतात आणि वर सूचना असते, ‘गटात न बसणारे पद ओळखा’. हा प्रश्न दिसायला सोपा असल्यामुळे बहुतेक विद्यार्थी चारही पदांवरून नजर फिरवतात, जे पद वेगळे वाटेल त्यावर खूण करतात आणि पुढे जातात. उत्तर चुकले, की ‘पण ते वेगळेच तर होते’ अशी तक्रार असते. ती तक्रार एका अर्थी खरी असते, कारण चारांपैकी कोणतेही पद कोणत्या ना कोणत्या बाबतीत वेगळे असतेच. म्हणून ‘कोणते पद वेगळे आहे?’ हा प्रश्न स्वतःला विचारून फारसे काही हाती लागत नाही. ‘कोणती तीन पदे एका नियमात बसतात?’ हा प्रश्न विचारावा लागतो. सूचनेत ‘गट’ हा शब्द आहे तो याचसाठी. आधी तीन पदांचा गट सापडला पाहिजे, मग चौथे पद आपोआप बाहेर पडते.

या लेखात अक्षरे, संख्या आणि शब्द या तिन्ही प्रकारांना लागू पडणारी एक पद्धत मांडली आहे. आकृत्यांचे प्रश्न येथे घेतलेले नाहीत.

नियम कधी खरा मानावा

एखादा नियम सुचला, की त्याची पहिली परीक्षा मोजणीची. तो नियम चारही पदांना लावून पाहावा आणि किती पदे त्यात बसतात ते मोजावे. चारही बसली तर नियम निरुपयोगी. दोन बसली आणि दोन बसली नाहीत, तरीही निरुपयोगी. बरोबर तीन बसली आणि एक बसले नाही, तरच तो नियम विचारात घ्यावा. हे सांगणे अगदी प्राथमिक वाटेल. पण घाईत विद्यार्थी हीच मोजणी गाळतात. पहिल्या पदात एक गुणधर्म दिसतो, दुसऱ्यात तो नसतो, आणि तिसरे-चौथे पद न तपासताच दुसऱ्यावर खूण होते.

दुसरी परीक्षा नियमाच्या शब्दरचनेची. नियम होकारार्थी सांगता आला पाहिजे आणि तो तीन पदांबद्दल असला पाहिजे. ‘ही तीन पदे पूर्ण वर्ग आहेत’ हा नियम झाला. ‘या पदात ७ आहे आणि बाकीच्यांत नाही’ हे केवळ एका पदाचे वर्णन झाले. त्यातून उरलेल्या तिघांना जोडणारे काहीच सांगितले जात नाही. ‘नाही’ने संपणारा किंवा ‘अथवा’ घालून ओढूनताणून जुळवलेला नियम सुचला, तर आपण चुकीच्या दिशेने चाललो आहोत असे खुशाल समजावे.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत कमी वेळा घेतली जाते. पहिल्या दोन परीक्षांतून उतरलेला एखादा दुसरा नियम भलत्याच पदाला बाहेर काढत नाही ना, हे पाहावे लागते. उदाहरण घेऊ :

१६, २५, ३६, ४८

१६, २५ आणि ३६ या पूर्ण वर्ग संख्या आहेत आणि ४८ नाही. मोजणी तीनास एक. पण १६, ३६ आणि ४८ या सम संख्या आहेत आणि २५ विषम आहे. येथेही मोजणी तीनास एकच, आणि नियमही होकारार्थी. मग उत्तर ४८ की २५?

अशा वेळी अधिक दुर्मीळ गुणधर्माच्या बाजूने कौल द्यावा. दोन अंकी संख्या एकूण ९० आहेत. त्यांपैकी ४५ सम आहेत, तर पूर्ण वर्ग फक्त सहा : १६, २५, ३६, ४९, ६४ आणि ८१. डोळे मिटून कोणत्याही चार दोन अंकी संख्या उचलल्या, तरी त्यांत तीन सम आणि एक विषम असा योग साधारण चारांत एकदा जुळून येतो. तीन पूर्ण वर्ग आणि एक इतर संख्या असा योग मात्र साधारण पंधराशे वेळांत एकदा येईल. म्हणजे तीन सम संख्या सहज योगायोगाने एकत्र आलेल्या असू शकतात. तीन पूर्ण वर्ग मात्र कोणीतरी मुद्दाम आणून ठेवले आहेत. प्रश्न काढणाऱ्याने मुद्दाम काय केले आहे तेच आपल्याला शोधायचे असल्याने उत्तर ४८. तरीही हा प्रश्न सदोष आहे हे लक्षात ठेवावे. काळजीपूर्वक प्रश्न काढणाऱ्याने २५ ऐवजी एखादा सम वर्ग घेतला असता.

दोन जोड्यांची पद्धत

नियम ओळखायचा कसा हे कळले, तरी तो सुचायचा कसा हा प्रश्न उरतो. चार पदांकडे एकदम पाहून नियम सुचण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा पदांच्या दोन जोड्या कराव्यात : पहिले व दुसरे पद ही एक जोडी, तिसरे व चौथे ही दुसरी. गटात न बसणारे पद एकच असल्यामुळे ते या दोहोंपैकी एकाच जोडीत असणार. याचा अर्थ दुसऱ्या जोडीतली दोन्ही पदे नक्की गटातली आहेत आणि गटाचा नियम त्या जोडीत पूर्णपणे हजर आहे. ती जोडी कोणती हे आधी माहीत नसते, पण शोध फक्त दोनच ठिकाणी घ्यावा लागतो.

कृती अशी. पहिल्या जोडीत समान काय आहे ते पाहावे. सुचलेला प्रत्येक समान गुणधर्म तिसऱ्या आणि चौथ्या पदाला लावावा. दोघांपैकी नेमके एक बसले, तर उमेदवार नियम मिळाला. दोन्ही बसली किंवा एकही बसले नाही, तर तो गुणधर्म सोडून द्यावा. पहिली जोडी आटोपली, की हेच दुसऱ्या जोडीबाबत करावे. एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू :

१४४, २४८, ३२४, १९६

पहिली जोडी १४४ आणि २४८. दोन्ही सम आहेत. पण ३२४ आणि १९६ याही सम आहेत, म्हणून हा गुणधर्म बाद. दोन्ही संख्यांना ४ ने भाग जातो. ३२४ म्हणजे ४ × ८१ आणि १९६ म्हणजे ४ × ४९, म्हणून हाही बाद. दोन्हींना ८ ने भाग जातो. ३२४ ला जात नाही आणि १९६ लाही जात नाही. मोजणी दोनास दोन, म्हणून बाद. दोन्हींत ४ हा अंक आहे. ३२४ मध्येही तो आहे आणि १९६ मध्ये नाही. मोजणी तीनास एक झाली, म्हणजे १९६ ला बाहेर काढणारा एक उमेदवार नियम मिळाला. येथे थांबण्याचा मोह होतो. थांबू नये, कारण दुसरी जोडी अजून तपासायची आहे.

दुसरी जोडी ३२४ आणि १९६. पहिली १८ चा वर्ग, दुसरी १४ चा. आता १४४ पाहावी, तर ती १२ चा वर्ग. आणि २४८ कोणत्याच पूर्ण संख्येचा वर्ग नाही. ते पाहण्यासाठी वर्गमूळ काढण्याचीही गरज नाही, कारण पूर्ण वर्ग संख्येच्या एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही. मोजणी पुन्हा तीनास एक, पण या वेळी बाहेर पडली २४८.

दोन उमेदवार समोर आहेत. तीन अंकी संख्या ९०० आहेत. त्यांपैकी निदान एका ठिकाणी ४ असलेल्या २५२ आणि पूर्ण वर्ग असलेल्या, १० च्या वर्गापासून ३१ च्या वर्गापर्यंत, फक्त २२. निर्णय सरळ आहे : उत्तर २४८. परीक्षेत अशी मोजदाद करत बसण्याची गरज नसते. कोणता गुणधर्म ‘कुठेही सापडेल’ आणि कोणता ‘शोधून आणावा लागेल’ एवढा अंदाज पुरतो, आणि तो अंदाज सरावाने लवकर पक्का होतो.

संख्यांच्या प्रश्नांत काय काय पाहावे

संख्यांच्या बाबतीत जोडीत समान काय शोधायचे याचा एक क्रम ठरवून घेतला, तर वेळ वाचतो. आधी संख्येची जात पाहावी : सम-विषम, मूळ, वर्ग, घन. मग ती कोणाच्या पटीत आहे ते पाहावे. त्यानंतर वर्गात किंवा घनात १ मिळवून अथवा वजा करून ती तयार झाली आहे का ते तपासावे. ५०, ६५, ८२ अशा संख्या दिसल्या, की ७, ८, ९ यांचे वर्ग आणि अधिक १ हे चटकन आठवले पाहिजे. एवढ्याने जमले नाही, तरच अंकांकडे वळावे.

मूळ संख्यांच्या प्रश्नांत काही ठरावीक संख्या फसवतात. ५१, ५७, ८७ आणि ९१ या मूळ संख्यांसारख्या दिसतात. पण ५१ म्हणजे ३ × १७, ५७ म्हणजे ३ × १९, ८७ म्हणजे ३ × २९ आणि ९१ म्हणजे ७ × १३. पहिल्या तीन संख्या अंकांच्या बेरजेवरून पकडता येतात. ९१ मात्र पाठच असलेली बरी, कारण ७१, ८३, ९१, ९७ अशा गटात ती ठेवण्याचा मोह प्रश्न काढणाऱ्याला नेहमीच होतो.

अंकांवर आधारलेल्या नियमांत संख्येची एकूण किंमत गौण असते आणि तिचे अंक एकमेकांशी कसे बांधलेले आहेत हे महत्त्वाचे असते. हे उदाहरण पाहावे : २५३, ३७४, ४६३, ६८२. पहिल्या जोडीत २ + ३ = ५ आणि ३ + ४ = ७, म्हणजे दोन्ही टोकांच्या अंकांची बेरीज मधल्या अंकाइतकी. दुसऱ्या जोडीत ६ + २ = ८ हे जमते, पण ४ + ३ = ७ असताना मधला अंक ६ आहे. म्हणून ४६३ बाहेर. याच प्रश्नाकडे दुसरा विद्यार्थी वेगळ्या वाटेने येऊ शकतो. २५३, ३७४ आणि ६८२ या तिन्हींना ११ ने पूर्ण भाग जातो आणि ४६३ ला जात नाही, असे तो म्हणेल. दोघांचे नियम निराळे दिसले तरी उत्तर एकच आहे. त्यामुळे दोन नियम सापडले म्हणून घाबरायचे कारण नाही; ते दोन निराळ्या पदांकडे बोट दाखवू लागले, तरच तोलून पाहण्याची वेळ येते. (येथे तर दुसरा नियम पहिल्यातूनच निघतो : टोकांची बेरीज मधल्या अंकाइतकी असलेल्या तीन अंकी संख्येला ११ ने भाग जातोच.)

प्रत्येक पर्यायात दोन-दोन संख्या असतील, जसे ३ : १०, ५ : २६, ७ : ५०, ८ : ६३, तर पद म्हणून संख्येकडे न पाहता दोन संख्यांमधील नात्याकडे पाहावे. पहिल्या तिन्हींत वर्ग अधिक १ आहे, चौथ्यात वर्ग वजा १. उत्तर ८ : ६३. असा प्रश्न आला, की पहिल्या संख्येवर कोणती क्रिया केली असता दुसरी मिळते, एवढेच विचारावे.

अक्षरे : आधी वर्णमालेचा तक्ता

मराठी अक्षरांच्या प्रश्नांत पाचवीचा विद्यार्थीही एक गोष्ट जाणतो, ती म्हणजे वर्णमाला. मात्र ती एका लांब रांगेत पाठ असते, आणि या प्रश्नांना ती तक्त्याच्या रूपात हवी असते. कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात हा तक्ता लिहून घ्यायला फार वेळ लागत नाही :

क ख ग घ ङ
च छ ज झ ञ
ट ठ ड ढ ण
त थ द ध न
प फ ब भ म

आडव्या ओळी हे वर्ग आहेत. एका वर्गातल्या अक्षरांचे उच्चारस्थान एक असते. उभे रकाने उच्चाराची रीत सांगतात. पहिल्या दोन रकान्यांतली व्यंजने कठोर, तिसऱ्या-चौथ्यातली मृदू, पाचव्यातली अनुनासिक. याखेरीज दुसरा आणि चौथा रकाना मिळून महाप्राण, म्हणजे ज्यांच्या उच्चारात ‘ह’ची छटा असते ती व्यंजने. हे तीन भाग नीट ठसले, की पुढचा प्रश्न अवघड राहत नाही :

ख, झ, थ, ब

बहुतेक जण येथे आडव्या ओळी तपासतात आणि अडकतात, कारण चारही अक्षरे चार निराळ्या वर्गांतली आहेत. नंतर कठोर-मृदू पाहिले, तर ख आणि थ कठोर, झ आणि ब मृदू. मोजणी दोनास दोन. जोडीच्या पद्धतीने ख आणि झ यांत समान काय असे विचारले, की दोन्ही महाप्राण आहेत हे दिसते. थ हाही महाप्राण आणि ब अल्पप्राण. उत्तर ब. शंका आली, तर तळहात ओठांसमोर धरून चारही अक्षरे उच्चारून पाहावीत. ब म्हणताना हवेचा झोत लागत नाही. परीक्षागृहात हे करता येणार नाही, पण घरी एकदा करून पाहिले, की फरक लक्षात राहतो.

अक्षरांच्या जोड्या किंवा त्रिकुटे असतील तर तक्त्यावरच्या उड्या मोजाव्यात. कघ, टढ, पभ, चज या चारांत पहिल्या तिन्हींत पहिल्या रकान्यातून चौथ्यात उडी आहे, शेवटच्यात तिसऱ्यात. एवढे पुरते.

इंग्रजी अक्षरगटांत तक्त्याऐवजी क्रमांक कामाला येतात. सव्वीस अक्षरांचे क्रमांक पाठ करण्याची आवश्यकता नाही. ई, जे, ओ, टी, वाय या अक्षरांचे क्रमांक ५, १०, १५, २०, २५ एवढे लक्षात ठेवले, की सुरुवातीचे ए आणि बी सोडून कोणतेही अक्षर यांच्यापासून फार तर दोन पावलांवर असते. शेवटचा झेड तर वायला लागूनच आहे. पुढील प्रश्न पाहावा :

```
CEH    IKN    MOR    SUW
```

प्रत्येक गटाखाली क्रमांक लिहून घ्यावेत. पहिला गट ३, ५, ८. दुसरा ९, ११, १४. तिसरा १३, १५, १८. चौथा १९, २१, २३. पहिल्या जोडीत दोन्हीकडे आधी २ ची आणि मग ३ ची वाढ आहे. तिसऱ्या गटातही तीच. चौथ्यात मात्र २ आणि पुन्हा २. म्हणून चौथा गट बाहेर.

पण येथे एक प्रतिस्पर्धी नियम दडलेला आहे. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या गटात मधले अक्षर स्वर आहे, तर दुसऱ्या गटात स्वर सुरुवातीला आहे. मोजणी तीनास एक, नियमही होकारार्थी, आणि तो दुसऱ्या गटाला बाहेर काढतो. येथे नियम तोलण्याचे दुसरे माप वापरावे : कोणता नियम पदाचा जास्त भाग बांधून ठेवतो? उड्यांच्या नियमात पहिले अक्षर कळले, की उरलेली दोन्ही अक्षरे ठरलेली आहेत. मोकळे काहीच उरत नाही. स्वराचा नियम फक्त मधल्या अक्षराबद्दल बोलतो आणि टोकाच्या दोन अक्षरांचे काय हे सांगत नाही. तीन गटांतली सर्व अक्षरे एका नियमाने नेमकी बांधली जात असतील, तर प्रश्न त्या नियमावरच रचला आहे असे मानावे. स्वर-व्यंजनाचा नियम शेवटी तपासावा, कारण उड्यांच्या नियमाने गट तयार करताना स्वर कुठेतरी आपोआप येऊन बसतातच.

शब्द : येथे सर्वाधिक वाद होतात

शब्दांच्या प्रश्नांत नियमाचे दोन स्वतंत्र थर असतात. एक अर्थाचा : शब्द ज्या वस्तूंची नावे आहेत त्यांचा वर्ग, उपयोग, ठिकाण. दुसरा शब्दाच्या घडणीचा : अक्षरसंख्या, लिंग, शब्दाची जात, उलटसुलट वाचता येणे. आधी अर्थाचा थर पूर्ण तपासावा आणि तेथे काहीच तीनास एक निघाले नाही, तरच घडणीकडे वळावे. कनक, नयन, जलज, मदन या चारांत सोने, डोळा, कमळ यांना जोडणारे अर्थाचे सूत्र नाही. मग अक्षरे पाहिली, की पहिली तीन उलट वाचली तरी तशीच राहतात हे कळते. उत्तर मदन.

अर्थाच्या प्रश्नांत सारखे दिसणारे शब्द जवळ ठेवून फसवण्याची रीत जुनी आहे. पंकज, सरोज, नीरज, नीरद यांत नीरज आणि नीरद एका अक्षराने वेगळे, म्हणून ते दोन सोबती आणि उरलेले दोन निराळे असे वाटू लागते. शेवटची अक्षरे पाहावीत. ‘ज’ म्हणजे जन्मलेला, म्हणून पहिली तीन पाण्यात किंवा चिखलात जन्मणाऱ्या कमळाची नावे. ‘द’ म्हणजे देणारा, म्हणून नीरद म्हणजे पाणी देणारा ढग.

शब्दांच्या प्रश्नांत खरी अडचण येते ती माहितीमुळे. संख्येचे गुणधर्म मोजके असतात. नदी, प्राणी किंवा गाव यांच्याबद्दल मात्र वाटेल तितकी माहिती असते, आणि जितकी माहिती जास्त तितके प्रतिस्पर्धी नियम जास्त. नद्यांचा हा प्रश्न सराव म्हणून घेऊ :

गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी

पहिले उत्तर तापी, कारण ती पश्चिमेकडे वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळते आणि उरलेल्या तीन नद्या पूर्वेकडे वाहतात. परंतु भूगोल नीट वाचलेली मुलगी म्हणेल, की उत्तर भीमा. कारण गोदावरी, कृष्णा आणि तापी स्वतः समुद्राला मिळतात, तर भीमा कृष्णेला मिळते. दोन्ही नियम खरे, दोन्हींची मोजणी तीनास एक. दुर्मीळपणाचे माप येथे फारसे मदत करत नाही. परीक्षेत तापीवर खूण करणे सुरक्षित, कारण पूर्ववाहिनी-पश्चिमवाहिनी हा भेद शालेय पुस्तकांत अधिक ठळकपणे शिकवला जातो; पण भीमा लिहिणाऱ्या मुलीला चूक म्हणता येणार नाही.

हा प्रश्न दुरुस्त करता येतो का ते पाहणे उद्बोधक आहे, कारण प्रश्न काढताना ज्या खाचा बुजवाव्या लागतात त्याच सोडवताना तपासाव्या लागतात. भीमेऐवजी कावेरी घेतली, तर चारही नद्या थेट समुद्राला मिळतात आणि तापी एकटी पश्चिमवाहिनी उरते. ठीक वाटते, पण आता गोदावरी, कृष्णा आणि तापी महाराष्ट्रातून वाहतात आणि कावेरी वाहत नाही. एक खाच बुजवताना दुसरी उघडी पडली. मग दिशेचा नियमच सोडून उपनद्यांकडे वळावे : नीरा, सीना, घोड, प्रवरा. पहिल्या तीन भीमेच्या उपनद्या, प्रवरा गोदावरीची. चारही नद्या महाराष्ट्रातल्या, चारही दुसऱ्या नदीला मिळणाऱ्या. तरीही घडणीच्या थरावर एक फट राहिली : नीरा, सीना, प्रवरा हे शब्द आकारान्त आहेत आणि घोड नाही. घोडऐवजी भामा घातली, की नीरा, सीना, भामा, प्रवरा असा गट तयार होतो. आता चारही शब्द आकारान्त, आणि अक्षरसंख्या पाहिली तरी तीन शब्द दोन अक्षरी आणि प्रवरा तीन अक्षरी. म्हणजे घडणीचा नियमही त्याच पदाकडे बोट दाखवतो. उत्तर प्रवरा, आणि त्यावर वाद घालायला सहजासहजी जागा उरत नाही. अर्थात ज्याला भीमेच्या उपनद्या माहीत नाहीत, तोही अक्षरे मोजून योग्य उत्तरावर पोहोचेल, हा या रचनेचा तोटा आहे. भूगोल तपासायचा असेल, तर अक्षरसंख्याही समान ठेवावी लागेल.

वेळ आणि वाद

शिष्यवृत्ती परीक्षेत एका प्रश्नपत्रिकेत ७५ प्रश्न असतात आणि ९० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. दोन्ही जोड्या तपासायला सरावानंतर निम्माअधिक वेळही लागत नाही. त्यामुळे पहिला उमेदवार नियम मिळाल्यावर थांबायचे नाही, दुसरी जोडीही पाहायचीच, हा दंडक पाळणे शक्य असते. दोन्ही जोड्या पाहूनही काही सुचले नाही, तर पदे दुसऱ्या क्रमाने जोडावीत, म्हणजे पहिले-तिसरे आणि दुसरे-चौथे. तर्क तोच राहतो. फक्त समान गुणधर्म डोळ्यांत भरण्याची शक्यता वाढते, कारण १४४ शेजारी २४८ असताना जे दिसत नाही ते १४४ शेजारी ३२४ आल्यावर लगेच दिसते. तरीही अडले, तर प्रश्नावर खूण करून पुढे जावे.

घरी सराव घेताना पालकांनी आणि शिक्षकांनी उत्तराबरोबर नियमही एका वाक्यात लिहून घ्यावा, आणि ते वाक्य ‘ही तीन पदे…’ असे सुरू व्हावे. ‘४८ वेगळी आहे’ असे लिहिणाऱ्या मुलाला उत्तर बरोबर असूनही नियम कळलेला नसतो; पुढच्या वेळी २५ दिसली की तो तिकडे घसरतो. उत्तर चुकले असेल, तर मुलाने दिलेला नियम आधी चारही पदांना लावून मोजावा. मोजणी दोनास दोन निघाली, तर ती घाईची चूक आहे आणि तपासण्याची सवय लावली की सुटते. मोजणी तीनास एकच निघाली, तर नियम तोलण्यात चूक झाली आहे, आणि तेथे ‘याहून दुर्मीळ काही सापडते का?’ एवढेच विचारून मुलाला पुन्हा शोधू द्यावे.

परीक्षेनंतर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते आणि तिच्यावर ठरलेल्या मुदतीत आक्षेप घेता येतात. गटात न बसणाऱ्या पदाच्या प्रश्नावर आक्षेप घ्यायचा असेल, तर ‘माझे उत्तरही बरोबर आहे’ एवढे लिहून भागत नाही. उत्तरसूचीतल्या उत्तरामागचा नियम, आपला नियम आणि दोन्ही नियम चारही पदांना लावून केलेली तीनास एक अशी मोजणी शेजारी-शेजारी लिहावी, आणि आपला नियम ज्या माहितीवर उभा आहे ती पाठ्यपुस्तकात जेथे असेल त्या पानाचा उल्लेख करावा. नद्यांच्या प्रश्नासारखी स्थिती असेल, तर आक्षेपाला खरा आधार असतो. १६, २५, ३६, ४८ मध्ये २५ लिहून आलेल्या विद्यार्थ्याने मात्र आक्षेपाच्या खटपटीत पडू नये.